पोराच्या तापाला मोठ्यांची अ‍ॅस्पिरिन नको

पावसाळा लागला की खानापूर, निपाणीकडं घरोघरी एक तरी पोर तापानं फणफणतं, आणि मग घरात मोठ्यांची डोकेदुखीची गोळी असते ती अर्धी करून पाण्यात विरघळवून पाजायची. त्यातल्या बऱ्याच गोळ्या अ‍ॅस्पिरिनच्या. ताप उतरतोही, म्हणून कुणाला काय वाटत नाही.

पण फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या पोराला अ‍ॅस्पिरिन दिली तर क्वचित रे सिंड्रोम होतो. 1963 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. रे यांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया चरबी जाळून ऊर्जा देतात हे शाळेत शिकलोय, लिव्हरमध्ये तर अमोनियाचं युरिया करायच्या कामाची सुरुवातही तिथंच होते. व्हायरसनं आधीच दमलेल्या या मायटोकॉन्ड्रियांवर अ‍ॅस्पिरिनपासून होणारं सॅलिसिलेट घाव घालतं, मग चरबी न जळता लिव्हरमध्ये साठते, रक्तातली साखर उतरते, अमोनिया चढतो आणि मेंदूला सूज येते.

ताप जाऊन पोर बरं होत असतानाच सारख्या उलट्या सुरू होतात, मग ते झोपाळतं, चिडतं, बरळतं. आमच्याकडं अशा वेळी "बाहेरचं लागलंय" म्हणून दृष्ट काढतात आणि तेवढ्यात मोलाचे तास जातात. अशा पोराला थेट मोठ्या दवाखान्यातच न्यायला पाहिजे. अमेरिकेत 1979-80 मध्ये वर्षाला 555 केसेस नोंदल्या होत्या, पोरांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका असं सांगायला लागल्यावर 1994 नंतर वर्षाला दोनापेक्षा जास्त नाहीत. कावासाकीसारख्या आजारात डॉक्टर स्वतः अ‍ॅस्पिरिन देतात, ती गोष्ट वेगळी.

मग द्यायचं काय? पहिलं पॅरासिटामॉल, वजनाच्या एका किलोला 15 मिलिग्रॅम. पोर 12 किलोचं असेल तर 180 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 250 वालं सिरप असेल तर साधारण साडेतीन मिली, आणि 125 वालं असेल तर सात. बाटलीवरचा आकडा न बघता "एक चमचा" दिला की इथंच घोळ होतो. दोन डोसात निदान चार तास पाहिजेत आणि दिवसभरात चारच डोस. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध नंतर, आधी डॉक्टर.

आयब्युप्रोफेन जरा जास्त वेळ टिकतं आणि सूजही कमी करतं, पण ते सहा महिन्यांच्या आत नको, कांजिण्यात नको, जुलाब-उलट्यांनी पोर सुकलं असेल तर किडनीवर ताण येतो म्हणून तेव्हाही नको. आणि पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत तर हात लावू नका, कारण प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात आणि या औषधानं उरलेल्या प्लेटलेटही नीट चिकटत नाहीत, रक्तस्राव वाढतो.

मेडिकलमधून आणताना लेबल वाचा, काही सिरपमध्ये दोन्ही औषधं एकत्र असतात, त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं तर डोस डबल होतो.