हातपाय गळाले, प्लंबर आला

एका इंग्रजी स्टँड-अप संहितेत पुढील दोन वाक्ये आहेत असे समजू. ती या लेखासाठीच रचलेली आहेत. मंचावरचा नवरदेव सांगतो, ‘द नाइट बिफोर माय वेडिंग, आय गॉट कोल्ड फीट.’ क्षणभर थांबून तो पुढे म्हणतो, ‘माय मदर-इन-लॉ निटेड मी सॉक्स.’ इंग्रजीत ‘कोल्ड फीट’ म्हणजे ऐन वेळी धीर खचणे. सासूबाई मात्र त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतात आणि जावयाचे गार पडलेले पाय उबदार करण्याच्या कामाला लागतात. हशा पिकतो तो ‘सॉक्स’ या एका शब्दावर, आणि तो शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आहे.

आता याचे मराठी: ‘लग्नाच्या आदल्या रात्री माझे पाय थंड पडले. सासूबाईंनी माझ्यासाठी मोजे विणले.’ व्याकरणात चूक नाही, शब्दार्थातही नाही, तरी कोणी हसणार नाही. त्याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी हाताळावी लागतात. पहिले वाक्प्रचाराशी निगडित आहे, दुसरे वाक्यातील शब्दक्रमाशी. भाषांतरकार बहुतेक वेळा पहिल्या कारणावर दिवस घालवतात आणि दुसऱ्याकडे त्यांचे लक्षच जात नाही, असे माझे निरीक्षण आहे.

विनोद समजताना मन दोन टप्प्यांत काम करते, अशी मांडणी जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये केली. ऐकणारा सुरुवातीच्या वाक्यावरून एक अपेक्षा बांधतो. शेवटचा शब्द ती मोडतो. मग ऐकणारा मागे जाऊन, आधीच्या शब्दांचा असा कोणता अर्थ घेतला तर हा शेवट बसेल, हे शोधतो. तो सापडला की हसू येते. १९८० मध्ये मार्टा कूटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवले की वाक्यात न शोभणारा शब्द आला, तर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरींत एक ठळक फरक दिसतो. पुढे कूटास आणि सीना कूलसन यांनी विनोदी शेवट असलेल्या वाक्यांची तुलना, शेवट तितकाच अनपेक्षित पण विनोदी नसलेल्या वाक्यांशी केली. ज्यांना विनोद नीट कळत होते त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद दोन प्रकारच्या वाक्यांना वेगळा होता. म्हणजे धक्का बसणे पुरेसे नसते. मागे वळून अर्थ पुन्हा जुळवण्याचे वेगळे कामही घडावे लागते. भाषांतरकाराला हे दोन्ही घडवायचे असते, आणि तेही ऐकणाऱ्याच्या पुढच्या श्वासाच्या आत.

‘पाय थंड पडले’ येथे दुसरे काम अशक्य होते. मराठीत या शब्दांना ‘धीर खचला’ असा अर्थच नाही, त्यामुळे सासूबाईंनी ज्याचा विपर्यास करावा असे काही उरत नाही. उलट हातपाय थंड पडणे म्हणजे माणसाची अखेर जवळ येणे, असे मराठी कानाला चटकन वाटते. सभागृह मोज्यांपर्यंत पोहोचण्याआधीच नवरदेवाच्या प्रकृतीची काळजी करू लागते.

तेव्हा धीर खचण्यासाठी मराठी वाक्प्रचार हवा. ‘धीर सुटणे’ अर्थाने अचूक आहे, पण धीर हाताला लागत नाही, सासूबाईंना त्यावर काही करता येत नाही. ‘कच खाणे’ अर्थाच्या फार जवळ जाते, परंतु यातला ‘कच’ आज सुटा कोणीच वापरत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा मूळ अर्थ उभा राहत नाही. शब्दशः घेण्यावर आधारलेल्या विनोदाला असा वाक्प्रचार लागतो, ज्याचे शब्द रोजच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. ‘शेपूट घालणे’ यातली शेपटी डोळ्यांसमोर येते खरी, पण हा वाक्प्रचार भित्रेपणाची निंदा करतो. मूळ नवरदेव घाबरला आहे, हिणकस नाही. त्याच्याबद्दलची सहानुभूती गेली तर पुढची पाच मिनिटे कोसळतात.

‘पोटात गोळा येणे’ हा पर्याय पहिल्यांदा फार मोहात पाडतो: ‘लग्नाच्या आदल्या रात्री माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंनी चिठ्ठी आणली. सोनोग्राफीची.’ यंत्रणा अचूक चालते. मात्र ‘लग्नाआधी’ आणि ‘सोनोग्राफी’ हे शब्द शेजारी आले की सभागृहाच्या मनात तिसराच अर्थ जागा होतो. सांगणारी स्त्री असेल तर हशा त्या अर्थावरच होईल आणि सासूबाईंच्या भाबड्या तत्परतेचा विनोद बाजूला पडेल. सांगणारा पुरुष असला तरी गाठीच्या आजाराची सावली राहते. जास्त हशा मिळाला म्हणून भाषांतर बरोबर ठरत नाही. हशा कशावर आला हे पाहावे लागते.

उरला ‘हातपाय गळणे’. अर्थ तोच, निंदा नाही, आणि ‘गळणे’ हे क्रियापद नळासाठी आपण रोज वापरतो. त्यामुळे सासूबाई काय करतील हे आपोआप ठरते: ‘लग्नाच्या आदल्या रात्री माझे हातपाय गळाले. सासूबाईंनी प्लंबर बोलावला.’

मोज्यांच्या जागी प्लंबर आणणे म्हणजे मूळ संहितेशी फारकत, असे वाटू शकते. याबाबत साल्वातोरे अत्तार्दो आणि व्हिक्टर रास्किन यांनी १९९१ मध्ये मांडलेला सिद्धान्त उपयोगी पडतो. त्यांच्या मते विनोदाचे सहा थर असतात: सर्वांत खोल तो दोन अर्थविश्वांचा विरोध, त्यावर त्यांना जोडणारी युक्ती, मग प्रसंग, मग विनोदाचे लक्ष्य, मग सांगण्याची रीत आणि सर्वांत वर प्रत्यक्ष शब्द. अत्तार्दो यांनी पुढे भाषांतराबद्दल लिहिताना सुचवले की शक्य तेवढे थर राखावेत आणि बदलायचेच झाले तर वरून सुरुवात करावी. आपल्या उदाहरणात मनाची अवस्था विरुद्ध शरीराची अवस्था हा विरोध राहिला, वाक्प्रचार शब्दशः घेण्याची युक्ती राहिली, सासूबाई आणि दोन वाक्यांची रीतही राहिली. शब्द बदलले आणि प्रसंगातली एक वस्तू बदलली. एक गोष्ट मात्र खरोखर हरवली, ती म्हणजे हाताने विणलेल्या मोज्यांतली माया. मला हे नुकसान लहान वाटत नाही. पुढे संहितेत सासूबाईंच्या प्रेमाचा आधार घेतला असेल, तर तो दुसऱ्या एखाद्या वाक्यातून उभा करावा लागेल.

आता दुसरे कारण. ‘सासूबाईंनी प्लंबर बोलावला’ या वाक्यात धक्का देणारा शब्द मधोमध आहे. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्माच्या आधी येते. इंग्रजी विनोदात वाक्य जिथे संपते तिथेच धक्का बसतो. मराठीत ‘प्लंबर’ ऐकताच काही जण हसू लागतात आणि त्यांच्या हसण्यात ‘बोलावला’ बुडून जाते, तर इतर जण वाक्य पुरे होण्याची वाट पाहतात. सभागृहाचे हसणे असे फुटून दोन तुकड्यांत येते आणि दोन्ही तुकडे दुबळे असतात.

बोलीभाषेत यावर सोय आहेच. गोष्ट रंगवून सांगताना आपण कर्म सहज क्रियापदामागे टाकतो: ‘सासूबाईंनी लगेच बोलावला प्लंबर.’ यात आणखी एक फायदा दडलेला आहे. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून ‘बोलावला’ ऐकताच कोणीतरी पुल्लिंगी, एकवचनी येणार हे कळते. हातपाय गळालेल्या माणसासाठी कोणाला बोलावतील? डॉक्टर बोलावतील. व्याकरणच ऐकणाऱ्याला चुकीच्या अपेक्षेकडे नेते आणि शेवटचा शब्द तिला मोडतो. इंग्रजीत ‘निटेड मी’ एवढ्यावरून असा ठाम अंदाज बांधता येत नाही. येथे मराठीची बाजू वरचढ आहे.

तेच व्याकरण दुसऱ्या ठिकाणी घात करते. एखादा विनोद डॉक्टर बाई आहे की पुरुष हे लपवण्यावर उभा असेल, तर ‘डॉक्टर आले’ किंवा ‘डॉक्टर आल्या’ म्हणताच गुपित फुटते. अशा वेळी वाक्य ‘डॉक्टरांनी मला तपासलं’ असे वळवावे. ‘नी’ प्रत्यय आला की क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवत नाही. भविष्यकाळही चालतो: ‘डॉक्टर येतील.’

क्रियापदामागे शब्द टाकण्याची युक्ती मात्र जपून वापरावी. एका संहितेत ती वारंवार आली की सभागृह क्रियापद ऐकताच सावध होते आणि शेवटचा शब्द येण्याआधीच अंदाज बांधते. क्रियापद गाळून नामावर वाक्य संपवणे हा एक पर्याय आहे. दुसरा, आणि मला अधिक मराठी वाटणारा, म्हणजे धक्काच क्रियापदात किंवा ‘नाही’मध्ये ठेवणे. आपला नकार बहुधा क्रियापदानंतर येतो, त्यामुळे लांब वाक्याचा अर्थ शेवटच्या दोन अक्षरांवर उलटवता येतो. इंग्रजीत नकार आधीच येत असल्याने मूळ संहितेत ही संधी क्वचितच असते.

वाक्प्रचार बदलल्याचे हिशेब पुढेही चुकते करावे लागतात. समजा मूळ संहितेत काही मिनिटांनी नवरदेव बाप होणार असल्याचे कळते आणि तो म्हणतो, ‘माझे पाय पुन्हा थंड पडले. मागे पाहिलं, तर सासूबाई विणायला बसल्याच होत्या.’ याला कॉलबॅक म्हणतात: जुना शब्द परत येतो आणि सभागृह ओळखीने हसते. मोजे गेले म्हणजे विणणेही गेले. मराठीत: ‘माझे हातपाय पुन्हा गळाले. मागे वळून पाहतो, तर सासूबाई उभ्या. हातात पाना.’ म्हणून वाक्प्रचार पक्का करण्यापूर्वी संपूर्ण संहितेत तो आणि त्याच्याशी जोडलेली वस्तू कुठे कुठे येते हे शोधून ठेवावे. शेवटच्या पानावर अडचण लक्षात आली तर पहिल्या पानावरचा चांगला विनोद मोडावा लागतो.

तपासणी कागदावर होत नाही. मूळ इंग्रजी न ऐकलेल्या चार-सहा जणांपुढे मजकूर मोठ्याने वाचावा, ध्वनिमुद्रण करावे आणि हसू नेमके कोणत्या अक्षरावर सुरू होते ते ऐकावे. शेवटच्या शब्दाआधी हसू आले तर शब्दक्रम चुकला आहे. शब्दानंतर शांतता आणि मग एकेकाचे हसू आले तर अर्थ जुळवायला जास्त कष्ट पडत आहेत. बहुधा वाक्प्रचाराचा सरळ अर्थ पुरेसा जिवंत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एखाद्याला विनोद परत सांगायला लावावा. त्याने नकळत ‘प्लंबर’ आणि ‘बोलावला’ यांची जागा बदलली, तर तो क्रम त्याच्या तोंडी बसलेला नाही. त्याच्या तोंडून तो जसा आला तसा लिहून घ्यावा आणि पुढच्या वेळी तोच वाचून पाहावा.