उलट अनुवाद आणि मुळाशी ताडून पाहणे: फवारणी पंपाच्या पुस्तिकेतील एका वाक्याची गोष्ट

कृषी केंद्रातून पाठीवरचा बॅटरी पंप घरी आणला की खोक्यातून एक मराठी पुस्तिका निघते, आणि ती बहुधा इंग्रजीवरून उतरवलेली असते. हा उतारा बरोबर आहे की नाही, हे पाहण्याच्या दोन रीती आहेत. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बसून हे काम करताना माझ्या लक्षात आले की काम देणारे या दोन्ही रीतींना सरसकट ‘क्रॉस चेकिंग’ म्हणतात आणि एक झाली म्हणजे दुसरी झालीच, असे समजतात. मला तो समज घातक वाटतो, कारण एका रीतीत जी चूक सापडते ती बहुतेकदा दुसरीत निसटते.

मुळाशी ताडून पाहताना दोन्ही भाषा जाणणारा दुसरा माणूस इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी ठेवून वाक्यागणिक वाचतो. अनुवादसेवेच्या आयएसओ १७१०० या मानकात भाषांतरकाराखेरीज दुसऱ्या व्यक्तीने अशी तपासणी करणे आवश्यक मानले आहे. उलट अनुवादात मात्र मूळ इंग्रजी कधीच न पाहिलेल्या माणसाला केवळ मराठी पुस्तिका दिली जाते, तो ती पुन्हा इंग्रजीत उतरवतो, आणि मग ती दोन इंग्रजी पाठ्ये समोरासमोर ठेवली जातात. हे शेवटचे काम मराठीचा गंधही नसलेला अभियंता करू शकतो, म्हणून कारखानदारांना ही रीत आवडते. शाळेत भागाकाराचा ताळा गुणाकाराने पाहत असू, तसाच हा प्रकार आहे असे त्यांना वाटते. तो तसा का नाही, हे पुढे येईलच.

एका पुस्तिकेतील वाक्य घेऊ. मूळ इंग्रजीचा आशय असा होता की वापरानंतर टाकी रिकामी करावी आणि मग नोझलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत ‘सिस्टिम फ्लश’ करावी. मराठीत ते असे आले: ‘वापर झाल्यावर टाकी रिकामी करून पंप स्वच्छ पाण्याने नीट धुवावा.’ ताडून पाहणाऱ्याने या वाक्यावर खूण केली नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. त्याने आधी ‘फ्लश’ वाचले होते, त्यामुळे ‘धुवावा’ वाचताना पाणी नळीतून आणि नोझलमधून बाहेर पडते आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आधीच होते. मराठीत जे लिहिलेच नव्हते, ते त्याने इंग्रजीच्या आठवणीतून भरून घेतले.

उलट अनुवाद करणाऱ्यापाशी ती आठवण नव्हती, म्हणून त्याने ‘वॉश द पंप’ असे लिहिले. पंप धुणे म्हणजे हापशीखाली धरून तो बाहेरून खळखळून घेणे आणि फार तर टाकीत पाणी फिरवून ओतून देणे, असाच अर्थ आपल्याकडचा माणूस घेईल. नळी, लान्स आणि नोझल यांत उरलेले औषध मात्र तसेच राहील. धुऱ्यावरच्या तणावर टू-फोर-डी मारलेला पंप असा वरवर धुऊन दुसऱ्या दिवशी त्यातूनच पऱ्हाटीवर कीटकनाशक मारले, तर त्या तणनाशकाचा थोडासा अंशही पुरतो. नवी पाने आक्रसतात, त्यांना भेंडीच्या पानासारखे खोल चिरे पडतात, आणि शेतकरी दोष कीटकनाशकाला देतो. उलट अनुवादामुळे हे वाक्य बदलून असे झाले: ‘टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप चालू करावा आणि नोझलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते फवारून बाहेर काढावे.’

आता त्याच पुस्तिकेतील उलटे उदाहरण पाहा. मूळात ‘स्प्रे ड्रिफ्ट’ टाळा, असे होते आणि भाषांतरकाराने ‘फवारा-अपवहन टाळावे’ असे लिहिले. उलट अनुवाद करणाऱ्याने शब्दाची फोड करून अचूक ‘स्प्रे ड्रिफ्ट’ असेच परत आणले, त्यामुळे दोन्ही इंग्रजी पाठ्ये तंतोतंत जुळली आणि अभियंत्याने बरोबरची खूण केली. अपवहन हा शब्द मात्र आमच्या भागातील फवारणी करणाऱ्या एकाही माणसाने कधी ऐकलेला नसेल. इंग्रजीच्या साच्यात घडवलेला शब्द इंग्रजीत सहज परत जातो, म्हणून भाषांतर जितके कृत्रिम तितका ताळा चोख जुळतो. हा दोष ताडून पाहणाऱ्याने पकडला आणि तेथे ‘वाऱ्याने औषध उडून शेजारच्या वावरात किंवा फवारणाऱ्याच्या अंगावर येऊ देऊ नये’ असे सुचवले.

मराठीची एक खास अडचण दोन्ही रीतींना चकवते. आपले ‘-आवे’ हे विध्यर्थी रूप सक्तीही सांगते आणि सल्लाही देते. इंग्रजीत ‘मस्ट’ असो वा ‘शुड’, पुस्तिकेत ‘हातमोजे घालावेत’ एवढेच येते. उलट अनुवादात ते ‘शुड’ होऊन परतते आणि अभियंता विचारतो की आमची सक्ती कुठे गेली. भाषांतरकार म्हणतो की औपचारिक मराठीत असेच लिहितात, आणि तेही खोटे नाही. माझे मत असे की येथे अभियंत्याचे ऐकावे. २०१७ साली फवारणीतील विषबाधेने यवतमाळ जिल्ह्याने जे भोगले, त्यानंतर हे वाक्य मोघम ठेवण्याचे कारण उरत नाही; तेथे ‘घातलेच पाहिजेत’ असे लिहावे आणि ‘-आवे’ हे रूप केवळ सल्ल्यासाठी राखून ठेवावे. हा नियम भाषांतर सुरू होण्यापूर्वीच ठरवला, तर दोन्ही तपासण्यांत त्यावर वाद होत नाही.

उलट अनुवाद फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तो करणाऱ्याची हुशारी. पंपांची माहिती असलेला माणूस ‘पंप धुवावा’ वाचून मनात म्हणतो की यांना फ्लशच म्हणायचे असणार, आणि तसेच लिहून देतो. चूक दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. म्हणून त्याला आधीच सांगावे लागते की इंग्रजी ओबडधोबड झाले तरी चालेल, पण कागदावर जे आहे तेच लिहा, आणि एका वाक्याचे दोन अर्थ होत असतील तर दोन्ही लिहा. मूळ इंग्रजी पुस्तिका त्याच्या हाती पडता कामा नये.

परत आलेल्या इंग्रजीत फरक दिसला म्हणजे मराठी चुकलेच, असेही नाही. ‘होज’ ऐवजी ‘पाइप’ आले तर ते सोडून द्यावे, कारण आपल्याकडे दोन्हींना नळीच म्हणतात आणि या पंपाला लवचीक नळी एकच असते. ‘रिलीव्ह द प्रेशर’ ऐवजी ‘रिड्यूस’ आले, तर मात्र थांबावे. दाब पूर्ण काढून टाकणे आणि तो कमी करणे यांत फरक आहे. थोडा दाब शिल्लक असताना नोझल उघडले तर औषध तोंडावर उडते. अशा वेळी उलट अनुवाद करणाऱ्याला ‘हे असे का लिहिले’ म्हणून न विचारता, कोणत्या मराठी शब्दावरून तसे वाटले ते विचारावे. आमच्या पुस्तिकेत तो शब्द ‘दाब कमी करून’ असा निघाला, म्हणजे चूक त्याची नसून मराठीचीच होती.

चाळीस पानांची पुस्तिका असेल, तर सबंध पुस्तिकेचा उलट अनुवाद मी करून घेत नाही. इशारे, मात्रा आणि क्रमाने करायच्या कृती एवढाच भाग त्यासाठी वेगळा काढतो, आणि मुळाशी ताडून पाहणे मात्र सगळ्या पानांचे करतो. क्रमही ठरलेला आहे: आधी ताडून पाहून अपवहनासारखे शब्द काढून टाकायचे, आणि मग सुधारलेला मजकूर उलट अनुवादाला द्यायचा. क्रम उलटा केला, तर दुसऱ्या तपासणीत बदललेली वाक्ये पहिलीतून कधी गेलेलीच नसतात. ‘दाब कमी करून’ हे वाक्य आम्ही ‘पंप बंद करून, नोझलमधून फवारा पूर्ण थांबेपर्यंत ट्रिगर दाबून धरावा’ असे केले आणि तेवढे एक वाक्य पुन्हा नव्या माणसाकडे उलट अनुवादाला पाठवले.