कॉफी नकोशी कुणाला झाली, आईला की बाळाला?

माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा सातव्या आठवड्यात तिला कॉफीचा वास सहन होईना. शेजारच्या खोलीत कुणी कप हातात घेतला तरी ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. घरात लगेच निकाल लागला, "बाळाला नकोय कॉफी." पुढे तिला आंबट खावंसं वाटू लागलं, तेव्हा "शरीराला जे कमी पडतं तेच ते मागतं" हेही ऐकवून झालं. यातल्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात फारच कमी.

सुरुवात मळमळीपासून करायला हवी. ती साधारण १० पैकी ७ गर्भवतींना होते, आणि नावडीचं मूळ बहुधा तिच्यातच असतं. मळमळीचं खापर अनेक वर्षं गर्भारपणातल्या नेहमीच्या हार्मोन्सवर फोडलं जात होतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मार्लिना फेझो, स्टीफन ओ'राहिली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जे मांडलं, त्यामुळे चित्र बरंच स्पष्ट झालं. फेझो यांनी स्वतः १९९९ मध्ये टोकाच्या उलट्यांपायी आपलं बाळ गमावलं होतं.

त्यांच्या शोधाच्या केंद्रस्थानी जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन आहे. पेशींवर ताण आला की ते रक्तात वाढतं. मेंदूच्या मागच्या बाजूला, मेंदूस्तंभात, एक छोटा भाग आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल असतो, म्हणजे रक्तात काय चाललंय ते त्याला थेट 'चाखता' येतं. जीडीएफ-१५ ओळखणारे रिसेप्टर तिथेच असतात. प्रथिन त्यांना चिकटलं की भूक मरते आणि मळमळ सुरू होते.

गर्भारपणात हे प्रथिन खूप वाढतं. ते येतं कुठून? संशोधकांनी अशा गर्भवतींचं रक्त तपासलं, ज्यांच्या आणि बाळाच्या जीडीएफ-१५ मध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक होता. त्यामुळे कुठला रेणू आईचा आणि कुठला बाळाकडचा, हे वेगळं ओळखता आलं. जवळपास सगळं प्रथिन गर्भ आणि वारेकडून आलेलं निघालं. म्हणजे "बाळाकडून येतंय" हे म्हणणं एका अर्थी खरं ठरलं, फक्त त्या निरोपात कॉफीचा उल्लेख नसतो.

मग एकीला थोडी मळमळ आणि दुसरीला सलाइन लावण्याची वेळ, असं का? मला या शोधातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. उत्तर गर्भारपणाच्या आधीच्या पातळीत आहे. जिच्या रक्तात एरवी हे प्रथिन कमी असतं, तिच्या मेंदूला त्याची सवय नसते, म्हणून अचानक आलेली वाढ तिला जास्त झोंबते. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या स्त्रियांत ते कायमच भरपूर असतं, आणि त्यांना गर्भारपणात मळमळ फारच कमी होते. उंदरांना हे प्रथिन आधी देऊन सवय लावली, तर नंतरच्या मोठ्या डोसने त्यांची भूक तितकी घटली नाही.

आता कॉफीकडे वळू. मळमळ आणि चव यांची गाठ मेंदू फार पटकन मारतो. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी त्यांना किरणोत्सर्गाने आजारी पाडलं. त्यानंतर उंदीर ते पाणी टाळू लागले. पुढच्या प्रयोगांत दिसलं की चव आणि मळमळ यांच्यात काही तासांचं अंतर असलं तरी ही गाठ बसते. समजा, सकाळी आठला कॉफी घेतली आणि दहाला पोट ढवळलं. त्याचं कारण रक्तातलं प्रथिन असतं, पण मेंदू दोष कॉफीला देतो. पुढच्या खेपेला नुसता वासही पुरतो. अर्थात सगळ्या नावडी अशाच तयार होत नाहीत. काहींना मळमळ न होताही एखादा पदार्थ नकोसा होतो. मांस, मासे, अंडी अनेकींना नकोशी होतात, आणि त्यातून जंतू व विषांपासून गर्भाचं रक्षण होत असावं, असा एक तर्क आहे. तो पटण्यासारखा आहे, सिद्ध झालेला नाही.

डोहाळ्यांबद्दल मात्र ज्ञान तुटपुंजं आहे. कमतरता भरून काढायला डोहाळे लागत असते तर पालेभाज्या आणि डाळी यादीत वर असायला हव्या होत्या; प्रत्यक्षात गोडधोड आणि चमचमीत पदार्थच जास्त मागितले जातात. आणि गोड खावंसं वाटलं की मुलगी, आंबट वाटलं की मुलगा, हे तर निखालस खोटं आहे. अशा भाकितावरून एखाद्या बाईच्या पोटातल्या बाळाची किंमत ठरू लागते, म्हणून त्याला निरुपद्रवी गंमत समजणं मला मान्य नाही.

एका इच्छेकडे मात्र गांभीर्याने बघायला हवं: बर्फ, माती, खडू किंवा कच्चा स्टार्च खाण्याची ओढ. ही बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेसोबत दिसते. पण बर्फात लोह नसतं, आणि काही माती तर आतड्यात लोह धरून ठेवते, शिवाय तिच्यातून शिसं आणि जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. म्हणजे शरीर इथे नेमकं चुकीचं मागतं. दिवसभर बर्फ चघळावासा वाटत असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगावं आणि हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासून घ्यावं. लोहाचे उपचार सुरू झाल्यावर बर्फाची ओढ अनेकदा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच ओसरते.