राजवाड्याचे खांब सरळ, सज्जे मात्र वाकडे

शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर स्वस्तातला टॅब आणि दीडशे रुपयांचा रबरी टोकाचा स्टायलस घेतला, आणि इंदूरचा राजवाडा काढायला बसले. समोरून काढला तेव्हा छान उतरला. कोपऱ्यावरून काढायला घेतला, तर खांब उभे राहिले, पण दूर जाणाऱ्या सज्ज्यांच्या रेषा लाटांसारख्या झाल्या. "हात थरथरतोय की काय रे माझा?" असं त्यांनी मला विचारलं.

हात ठीक होता. टॅबच्या काचेखाली न दिसणाऱ्या आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि दोन तारांत साधारण चार-पाच मिलिमीटर अंतर असतं. बोट टेकलं की जवळच्या दोन-तीन तारांवरचा विद्युतभार बदलतो, आणि कोणत्या तारेवर किती बदल झाला यावरून टॅब स्पर्शाचा मध्य काढतो. बोट रुंद असल्यामुळे हिशेब नीट जमतो. स्टायलसचं टोक बोटापेक्षा अरुंद असलं की बहुतेक संकेत एकाच तारेवर येतो आणि टॅबचा अंदाज त्या तारेकडे ओढला जातो. (म्हणून तर हे रबरी टोक इतकं जाडजूड असतं.) किंचित तिरकी रेष एकेक तार ओलांडत जाते, आणि दर तारेपाशी ती थोडी ओढली जाते. उभी किंवा आडवी रेष तारेला समांतर असते, त्यामुळे चूक सगळीकडे सारखी पडते आणि रेष सरळच दिसते.

खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकची पट्टी काचेवर तिरकी ठेवून तिच्या कडेने हळूहळू रेष ओढा. लाटा ठरावीक अंतराने आल्या तर दोष जाळीचा. वेड्यावाकड्या आल्या तर आधी चार्जर काढून पाहा. हलक्या चार्जरचा विद्युत गोंगाटही स्पर्शात मिसळतो. पट्टी स्टीलची मात्र नको, ती स्वतःच संकेत बिघडवते.

यावर काकांना सांगितलेला उपाय साधा होता: दोन बोटांनी कॅनव्हास फिरवा, म्हणजे सज्ज्याची रेष पडद्यावर आडवी येईल. मग ओढा आणि कॅनव्हास पुन्हा सरळ करा. झूमचाही उपयोग होतो. लाट काचेवर एक मिलिमीटरची असेल, तर चौपट मोठं करून काढल्यावर मूळ चित्रात ती पाव मिलिमीटरच उरते.

चित्र काढायच्या ॲपमध्येही लाटा दाबायची सोय असते. क्रितामध्ये ती Stabilizer नावाने आहे, स्केचबुकमध्ये Steady Stroke. ही सोय मागच्या काही बिंदूंची सरासरी घेऊन रेष काढते, त्यामुळे लाट दबते, पण रेष टोकाच्या मागे रेंगाळते आणि कोपरे गोल होतात. सज्ज्यांसाठी काकांनी ती लावली आणि तशीच ठेवून झरोक्यांकडे वळले. चौकटींचे कोपरे पार गुळगुळीत! ते पुसले, सोय बंद केली आणि झूम करून झरोके पुन्हा काढले.

दाब दिल्यावर जाड होणारी रेष मात्र या स्टायलसकडून मागू नये. टॅबला तो बोटच वाटतो.