पुणे कोरडं, लंडन ओलं: जगाच्या हवामानावर सहा प्रश्न

एखाद्या गावाचं हवामान कोणत्या प्रकारचं, हे ठरवायला किती आकडे लागतात? फक्त चोवीस. बारा महिन्यांचं सरासरी तापमान आणि बारा महिन्यांचा सरासरी पाऊस, तोही शक्यतो तीस वर्षांचा. ही पद्धत व्लादिमिर क्योपेन यांची. जन्म १८४६ चा, सेंट पीटर्सबर्गचा, बालपण क्रिमियात. उत्तरेचं थंड जंगल, मधला गवताळ माळ आणि काळ्या समुद्राकाठची हिरवाई अशा प्रवासात झाडंझुडपं बदलत जातात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी १८८४ मध्ये पहिला नकाशा छापला आणि १९३६ पर्यंत त्यात दुरुस्त्या करत राहिले. त्यांचा विचार सरळ होता: हवामानाच्या सीमा तिथेच आखायच्या, जिथे वनस्पती बदलतात.

त्यांचे पाच मोठे गट आहेत. ए उष्ण, बी कोरडा, सी समशीतोष्ण, डी कडक हिवाळ्याचा आणि ई ध्रुवीय. एवढं माहीत असलं की पुढचे प्रश्न सोडवता येतात. उत्तर वाचण्याआधी एक पर्याय मनाशी पक्का करा. नंतर "मला हेच वाटलं होतं" म्हणणारे आमच्या घरात बरेच आहेत, म्हणून सांगतो.

प्रश्न १. इक्वाडोरची राजधानी किटो जवळजवळ विषुववृत्तावर आहे. ती कोणत्या गटात येते?
(अ) उष्ण
(ब) कोरडा
(क) समशीतोष्ण
(ड) ध्रुवीय

उत्तर: (क). उष्ण गटात बसायचं तर वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये. किटो आहे समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटरवर. तिथे बाराही महिने सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असते. विषुववृत्तामुळे उन्हाळा-हिवाळा असा फरक पडत नाही आणि उंचीमुळे उकडत नाही. वर्षभर आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणासारखी हवा. शाळेत आपण विषुववृत्तापासून पट्टे आखून उष्ण, समशीतोष्ण, शीत कटिबंध शिकतो. क्योपेनच्या नकाशात अक्षांश कुठेच विचारलेला नाही, फक्त तापमान आणि पाऊस.

प्रश्न २. क्योपेनच्या हिशेबात 'मोसमी' हवामानाचं शहर कोणतं?
(अ) मुंबई
(ब) रत्नागिरी
(क) दोन्ही
(ड) दोन्ही नाहीत

उत्तर: (ब). इथे बहुतेक मुंबईकर चिडतात. जुलैत रुळांवर पाणी, लोकल ठप्प, आणि म्हणे मोसमी नाही!

भानगड कोरड्या महिन्यांची आहे. उष्ण गटात वर्षभर पाऊस असेल, म्हणजे सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिलिमीटर पडत असेल, तर ते वर्षावनाचं हवामान. त्याहून कमी पडत असेल तर क्योपेन विचारतात: पावसाळ्यात इतका पाऊस होतो का, की जमिनीत मुरलेल्या पाण्यावर झाडं कोरडे महिने तगून जातील? त्यासाठी नियम असा: वर्षाच्या पावसाला २५ ने भागा आणि ते उत्तर १०० मधून वजा करा. कोरड्या महिन्यात निदान तेवढे मिलिमीटर पाऊस हवा.

कुलाब्याला वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पडतो. २५ ने भागलं की ८८, शंभरातून वजा केलं की उरले १२. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बारा मिलिमीटर तरी पडायला हवेत, आणि मुंबईत तेव्हा एक मिलिमीटरही पडत नाही. म्हणून मुंबई सॅव्हाना प्रकारात, आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांच्या शेजारी. वर्षाचा पाऊस २५०० च्या वर गेला की वजाबाकीचं उत्तर शून्य किंवा त्याखाली येतं, मग कोरड्या महिन्यात थेंब पडला नाही तरी चालतं. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो, त्यामुळे ती मोसमीत बसते. पणजीही तशीच. मुंबई सीमेपासून फार लांब नाही, हेही खरं. सांताक्रूझचा पाऊस कुलाब्यापेक्षा जास्त असल्यामुळे तिथे तर हा फरक आणखी थोडका राहतो.

प्रश्न ३. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी, दमट, ढगाळ. तिथलं हवामान?
(अ) वर्षावन
(ब) सॅव्हाना
(क) भूमध्य सागरी
(ड) वाळवंट

उत्तर: (ड). किनाऱ्यालगत थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा खालून गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. गार हवा वर चढतच नाही, त्यामुळे धुकं होतं, ढग होतात, पाऊस मात्र होत नाही. वर्षाचा पाऊस २५ मिलिमीटरसुद्धा नाही. हवेतली आर्द्रता आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

प्रश्न ४. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात सुमारे ७४०. यांपैकी 'कोरड्या' गटात कोण?
(अ) लंडन
(ब) पुणे
(क) दोन्ही
(ड) कोणीच नाही

उत्तर: (ब). माझी आत्या लंडनला जाऊन आली तेव्हा "तिकडे मेला सारखा पाऊस" एवढंच सांगत होती. तिला हे आकडे दाखवले तर तिने कागद उलटून पाहिला.

ती चुकली नव्हती. लंडनला पाऊस रिपरिप, वर्षभर वाटून येतो. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. पण कोरडेपणा ठरतो तो पावसाच्या दिवसांवर नाही. पडलेल्या पाण्यापैकी किती वाफ होऊन उडून जातं, त्यावर तो ठरतो. वाफ मोजणं अवघड, म्हणून क्योपेननी तापमानाचा आधार घेतला. वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचं. मग पाऊस कधी पडतो ते पाहायचं. वर्षाच्या उष्ण सहामाहीत, म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर, ७० टक्के किंवा जास्त पाऊस पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे, कारण उन्हाळ्यातलं पाणी लवकर उडतं. थंड सहामाहीत ७० टक्के पडत असेल तर काहीच मिळवायचं नाही. दोन्हीकडे वाटलेला असेल तर १४० मिळवायचे. आलेल्या आकड्यापेक्षा पाऊस कमी असेल तर गाव कोरडं. निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट.

आता पुण्याचा हिशेब. सरासरी २५ अंश धरू. वीस गुणिले पंचवीस म्हणजे ५००. पाऊस उष्ण सहामाहीतला, म्हणून अधिक २८०. झाले ७८०. पाऊस ७४०, म्हणजे कमी. निम्मा आकडा ३९०, त्याहून पाऊस पुष्कळ जास्त. म्हणून पुणे वाळवंट नाही, पण निमकोरडं आहे.

लंडनची सरासरी ११ अंश धरू. वीस गुणिले अकरा म्हणजे २२०, पाऊस वाटलेला म्हणून अधिक १४०. झाले ३६०. पाऊस ६००. भरपूर झाला.

पुण्यात फरक किती थोडका आहे पाहा: चाळीस मिलिमीटर. सलग काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि तीस वर्षांची सरासरी थोडी वर सरकली, की पुणे मुंबईच्या सॅव्हाना गटात जाऊन बसतं. म्हणूनच वेगवेगळ्या नकाशांत पुण्याचा रंग वेगवेगळा दिसतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेचे आकडे घेतले तर एक उत्तर, सह्याद्रीकडे सरकत पावसाळी बाजूला गेलात तर दुसरं. नकाशावरची रेघ ठळक असते, जमिनीवर ती अशी वितळलेली असते.

प्रश्न ५. जून महिन्यात केप टाऊनला निघालात. बॅगेत काय घ्याल?
(अ) सुती कपडे आणि टोपी
(ब) छत्री आणि स्वेटर
(क) नुसती छत्री
(ड) यांपैकी काही नाही

उत्तर: (ब). "जून म्हणजे पाऊस" या सवयीने छत्री घेतलीत तर ती बरोबर ठरेल, पण कारण अगदी उलटं आहे. तिथे जून म्हणजे हिवाळा आणि पाऊस हिवाळ्यातच पडतो.

केप टाऊन ३४ अंश दक्षिण अक्षवृत्तावर आहे. उन्हाळ्यात हवेच्या जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकून त्या भागावर येतो. हवा खाली उतरते, आभाळ स्वच्छ राहतं. हिवाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि त्याच्या मागोमाग पश्चिमी वारे समुद्रावरून पाऊस घेऊन येतात. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, चिलीचा मधला भाग, ऑस्ट्रेलियातलं पर्थ, सगळीकडे कारण हेच, आणि बहुतेक ठिकाणं खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर. द्राक्षं आणि ऑलिव्ह तिथे रुजतात, कारण फळ पिकताना ऊन असतं आणि पाऊस नसतो. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला ऐन काढणीत अवकाळी पाऊस आला की काय होतं, हे नाशिककरांना सांगायला नको.

प्रश्न ६. एका ठिकाणी जानेवारीची सरासरी उणे ४५ अंश, जुलैची १६. दुसऱ्या ठिकाणी बाराही महिने सरासरी ३ ते ७ अंशांच्या दरम्यान. झाडं कुठे वाढतात?
(अ) पहिल्या
(ब) दुसऱ्या
(क) दोन्हीकडे
(ड) कुठेच नाही

उत्तर: (अ). पहिलं ठिकाण सायबेरियातलं व्हर्खोयान्स्क. तिथे १८९२ मध्ये उणे ६७.८ अंशांची नोंद झाली आणि २० जून २०२० रोजी ३८ अंशांची. एकाच गावात शंभर अंशांहून मोठी तफावत. दुसरं ठिकाण मॅक्वारी बेट, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका यांच्या मधोमध. तिथे गवत आहे, मोठ्या पानांच्या वनस्पती आहेत, पेंग्विनांच्या वसाहती आहेत, पण एकही झाड नाही.

झाडाला खोड वाढवायचं तर थोडा तरी खरा उन्हाळा लागतो. सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १० अंशांवर गेली नाही तर वर्षभरात कमावलेलं सगळं पानं टिकवण्यातच जातं. हिवाळ्याचं काय, लार्चसारखं झाड पानं गाळून झोपी जातं आणि उणे साठही काढतं. म्हणून क्योपेनची ध्रुवीय सीमा हिवाळा पाहतच नाही, जुलैचे दहा अंश पाहते (दक्षिण गोलार्धात जानेवारीचे). मॅक्वारी ध्रुवीय गटात, टुंड्रात. व्हर्खोयान्स्क डी गटात.

आता चौथ्या प्रश्नातला गुणाकार व्हर्खोयान्स्कला लावा. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून २०० मिलिमीटरच्या आत. सरासरी तापमान सुमारे उणे १४. वीस गुणिले उणे १४ म्हणजे उणे २८०. पाऊस उन्हाळ्यातला, म्हणून अधिक २८०. उत्तर शून्य. इतक्या थंडीत वाफ होतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा पडेल तेवढं पाणी पुरतं. पुण्याच्या जेमतेम पाव हिश्शाएवढ्या पावसात व्हर्खोयान्स्कला जंगल आहे आणि कोरड्या गटात त्याचं नाव नाही.