एका अँप्यूलमधलं पोटॅशियम

चार दिवस जुलाब झालेलं, 10 किलो वजनाचं मूल. मान धरवत नाही, पोट फुगलंय, रक्तातलं पोटॅशियम लिटरला 2.4 एमईक्यू, म्हणजे मिलिइक्विव्हॅलंट या क्षार मोजायच्या एककात. लहान मुलांमध्ये ते साधारण 3.5 ते 5 असायला हवं. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. या मुलाच्या पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात मिळून ते एरवीही जेमतेम 10 एमईक्यू भरेल. पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मिलीच्या एका अँप्यूलमध्ये (15 टक्के) मात्र 20 एमईक्यू असतं. म्हणून हे इंजेक्शन थेट शिरेत कधीही देत नाहीत. तसं दिलं तर हृदय थांबू शकतं.

ते सलाईनमध्ये मिसळूनच द्यायचं. हाताच्या शिरेतून देताना लिटरला जास्तीत जास्त 40 एमईक्यू, म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत एक अँप्यूल. त्याहून दाट द्रावणानं शीर जळजळते, सुजते आणि सुई शिरेबाहेर सरकली तर आसपासची त्वचाही मरते. दाट द्रावण लागलंच तर मोठ्या शिरेतल्या नळीतून, अतिदक्षता विभागात. अँप्यूल टाकल्यावर बाटली काढून अनेकदा उलटसुलट करायलाच हवी. पोटॅशियमचं द्रावण जड असतं, ते तळाशी बसतं आणि नळी तिथूनच निघते. पहिल्या काही मिनिटांत मुलाला जवळपास निव्वळ औषधच जाऊ शकतं.

दाटपणा सांभाळला तरी वेग वेगळा मोजावा लागतो. तासाला किलोमागे 0.3 एमईक्यू धरलं तर या मुलाला तासाला 3 एमईक्यू, म्हणजे त्या बाटलीतलं 75 मिली द्रावण. चार तासांत 12 एमईक्यू जातं, मग पुन्हा रक्त तपासायचं. किलोमागे 0.5 च्या वर जायचं असेल तर ईसीजी सतत पडद्यावर हवा, आणि 1 ही शेवटची मर्यादा. सुरुवातीला ग्लुकोजचं सलाईन टाळलेलं बरं, कारण त्यानं इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरून आणखी घसरतं. आणि आधी मूल लघवी करतंय ना, हे पाहायचं. मूत्रपिंड बंद असेल तर दिलेलं पोटॅशियम साचत जातं.

आकडा 3 च्या आसपास असेल, मूल गिळत असेल आणि ईसीजी ठीक असेल तर तोंडावाटेच द्यावं. तोच जास्त सुरक्षित मार्ग. दिवसाला किलोमागे 2 ते 4 एमईक्यू, विभागून. नेहमीच्या सिरपमध्ये 15 मिलीत 20 एमईक्यू असतं, तेव्हा 10 किलोच्या मुलाला 7.5 मिली दिवसातून तीनदा दिलं की 30 एमईक्यू होतं. ते खाण्यानंतर, भरपूर पाण्यात किंवा सरबतात मिसळून द्यावं, नाहीतर पोटात आग होऊन उलटी होते. हे सगळं डॉक्टरांनी ठरवून दिल्यावरच. उरलेली बाटली पुढच्या जुलाबांत घरच्या घरी वापरू नये.

दोन दिवस देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं. ते कमी असलं की मूत्रपिंडं पोटॅशियम लघवीतून सोडतच राहतात.