240 दिवसांची अट आणि अर्धवेळ कामगाराची रजा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवर पंचवीसेक माणसांचं कापडाचं दुकान आहे असं समजा. तिथे दोन जणी अर्धवेळ कामाला आहेत. एक रोज चार तास येते, दुसरी आठवड्यातून तीनच दिवस, पण पूर्ण वेळ. महिन्याचे तास जवळपास सारखेच भरतात. रजेचा हिशेब मात्र दोघींचा अगदी वेगळा निघतो, आणि त्याचं कारण कायद्याच्या इतिहासात आहे.

आपला कायदा तास मोजत नाही, हजेरीचे दिवस मोजतो. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षात 240 दिवस भरले की 21 दिवस पगारी रजा होती. पण ज्याचे तेवढे दिवस भरत नसत, त्यालाही सोय होती. तीन महिने काम झालं की दर 60 दिवसांमागे पाच दिवसांपर्यंत रजा मिळे. तीन दिवसवालीची वर्षाची हजेरी साधारण 156 दिवस होते. म्हणजे त्या नियमाने तिला दहा दिवस मिळाले असते.

2017 मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा आणला. आता दर 20 दिवसांमागे एक दिवस रजा मिळते, पण आधीच्या वर्षात 240 दिवस भरले असतील तरच. रोज येणारीचे 280 दिवस भरले तर तिच्या 14 रजा होतात, पूर्णवेळवालीइतक्याच. रजेचा पगार तिच्या अर्ध्या दिवसाचा, म्हणजे प्रमाण आपोआप राखलं जातं. तीन दिवसवालीला मात्र एकही अर्जित रजा नाही. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांना ही अट नाही, त्या तिने जरूर मागाव्यात.

युरोपात विचार दुसऱ्या वाटेने गेला. एका जर्मन डिपार्टमेंट स्टोअरने अर्धवेळ कामगारांना पेन्शनमधून वगळलं होतं. 1986 च्या बिल्का खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की त्याचा फटका मुख्यतः बायकांना बसत असेल आणि मालकाकडे सबळ कारण नसेल, तर तो लिंगभेदच आहे. पुढे 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अर्धवेळ कामाचा करार क्र. 175 केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. ब्रिटनमध्ये 2000 पासून अर्धवेळ कामगाराला तसंच काम करणाऱ्या पूर्णवेळ सहकाऱ्यापेक्षा केवळ अर्धवेळ म्हणून कमी वागणूक देता येत नाही. तिथे वर्षाला 5.6 आठवडे रजा असते, म्हणून आठवड्यातून तीन दिवस काम करणाऱ्याला 16.8 दिवस मिळतात. उंबरठा ओलांडण्याची अट नाही, नुसता गुणाकार आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही अट 180 दिवसांवर आणली. 156 दिवसवाली तिथेही 24 दिवसांनी कमीच पडते. म्हणून प्रमाणात रजा हवी असेल, तर ती नेमणूकपत्रातच लिहून घ्यावी लागते.